तयार साडी आणि ओटीचा नारळ

देवासात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी फॉल-पिकोचं काम करते. लग्न होऊन आले तेव्हा मशीन सासूबाईंचं होतं, पुढे ते माझं झालं. साड्यांच्या कडा सांभाळण्यात जन्म गेला म्हटलं तरी चालेल. त्यामुळे पहिल्यांदा कुणी माझ्याकडे 'शिवलेली साडी' घेऊन आलं, तेव्हा मी ती दोन बोटांनी उचलून बघितली होती. निऱ्या घातलेल्या, कंबरपट्टीला शिवलेल्या, बाजूला हुक. झबल्यासारखी चढवायची की झालं. मनात म्हटलं, आता भाकरीही चावून द्या म्हणावं.

मग हळूहळू तेच काम येऊ लागलं. बारावीच्या फेअरवेलला मुली आईची साडी आणायच्या आणि म्हणायच्या, आंटी, इसको रेडीमेड बना दो. बँकेतल्या, शाळेतल्या, नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरीही येऊ लागल्या. सगळ्यांची भीती एकच, साडी सुटेल. काही जणी हे हसत सांगायच्या, काही जणींचा आवाज खरंच कापायचा. भीती खरी असेल तर तिला नावं ठेवून उपयोग नसतो, हे मला धंद्यानं शिकवलं. शिवाय शिलाई चांगली मिळते. तेव्हा माझं मत बदललं ते काही नुसत्या दयेपोटी नाही.

माझ्या सुनेनं मात्र कधी तशी साडीही मागितली नव्हती. ती पीथमपूरला औषधांच्या कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मुलगाही तिथेच, दुसऱ्या कारखान्यात. दोघांच्या शिफ्टच्या बस वेगळ्या, त्यामुळे नवराबायको एकमेकांना फोनवरच जास्त भेटतात. तिचे आईवडील नोकरीसाठी नागपूरकडून इकडे आले. ती शिकली हिंदीत, बोलते अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि कामावर पांढरा कोट. लग्नात तिला साडी नेसवली होती ती पार्लरवालीनं, इतक्या पिना लावून की काढताना मीच दमले. त्यानंतर तिनं साडीचं नाव काढलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही. घरात एकीनं साडीचा घोळ सांभाळला तरी पुरे.

पहिल्या खेपेला तिला दिवस गेले, तेव्हा मी पीथमपूरला जाऊन तिची चोरओटी भरली. चोरओटी म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत गाजावाजा न करता घरातल्या घरात भरतात ती. ती पंजाबी ड्रेसमध्येच बसली होती. पदर नाही म्हणून ओढणी पसरली. ओढणी गुळगुळीत शिफॉनची. मी नारळ ठेवला आणि तो सरकला, फरशीवर पडला आणि गडगडत पलंगाखाली गेला. आम्ही दोघी हसलो. मी वाकून नारळ काढला, पुसला, परत ओटीत घातला. पुढच्याच आठवड्यात तिचा गर्भ पडला.

डॉक्टरीण म्हणाली, असं बऱ्याच जणींचं होतं, कुणाची चूक नसते. सुनेनं मान डोलावली. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, तिला कारण आणि योगायोग यातला फरक माझ्याहून जास्त कळतो. पण पुन्हा दिवस गेले आणि सातवा महिना लागला, धारच्या मोठ्या जाऊबाईंनी डोहाळजेवण तिकडेच करायचं ठरवलं, तेव्हा ती सुट्टी घेऊन देवासला आली आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या मशीनपाशी स्टूल ओढून बसली.

"आई, मला साडी पाहिजे. पदरवाली."

"तुला? ड्रेस घाल की. जाऊबाई काही खाणार नाहीत तुला."

"नाही. ओढणीत नाही घ्यायची मला ओटी." मग म्हणाली, "मुझे पता है, कुछ नहीं होता उससे. मला माहितीये. पण ह्या वेळी नारळ पडला तर मी... मी नाही सहन करू शकणार."

मी सुई खाली ठेवली. ती नारळाचं तेव्हापासून मनात धरून बसली असेल, याची मला कल्पना नव्हती. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, नारळावर, ओढणीवर, कुणावर ते सांगता यायचं नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे म्हणायला सोपं आहे. पोळलेलं तोंड आपल्याच घरातलं असलं की म्हण सुचत नाही.

"मग नेसवते की मी तुला," मी म्हटलं.

"नेसवाल, पण चालताना सुटली तर? पाय अडकला तर?" तिनं पोटावर हात ठेवला. "ती शिवलेली मिळते ना, तुम्ही करता ती. मी ऑनलाइन मागवलीये एक."

ऑनलाइनची ती साडी दुसऱ्या दिवशी आली. हिरवीगार, सॅटिनची, चकचकीत. खोक्यावर लिहिलं होतं 'फ्री साईज'. फ्री साईज म्हणजे काय, ते मी इतक्या वर्षांत शिकले आहे: कुणालाच नीट बसत नाही ती. कंबरेला चेन होती. सात महिन्यांच्या पोटाला चेन लावायची म्हणजे त्या चेनवर अन्याय. शिवाय सॅटिन. मी तिच्यासमोर साडीचा पदर पसरून त्यावर कात्रीचा डबा ठेवला आणि एक कोपरा जरा खाली केला. डबा घसरत जमिनीवर. तिनं साडी घडी करून परत खोक्यात घातली. परत पाठवायचं काम तिचं, फोनमधून काय काय दाबून तिनं ते केलं.

मग आम्ही बाजारात गेलो. देवीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक दुकान आहे, तिथे आता एक अख्खी भिंत तयार साड्यांची आहे. दुकानदार मला ओळखतो, त्याची पिकोची कामं कधीकधी माझ्याकडे येतात. गोड बोलतो, आणि गोड बोलणारा दुकानदार काय विकायला निघालाय ते आधी बघावं.

"आओ माताजी, बहूरानी के लिए? ये देखो, एक मिनट में तैयार. भिया, वो जॉर्जेट वाली निकालो."

जॉर्जेटची निघाली. छान होती, खोटं कशाला बोलू. अंगाबरोबर पडत होती, निऱ्या फुगत नव्हत्या. पहिल्यांदा नेसणाऱ्या मुलीला मी एरवी जॉर्जेट किंवा क्रेपच सांगते. ऑर्गेन्झा सांगत नाही. ती दुकानातल्या बाहुलीवर छान दिसते, पण अंगावर चारी बाजूंनी फुगून उभी राहते आणि बसून उठलं की फुगलेलीच राहते. कडक सुती साडीचंही तसंच, तासाभरात निऱ्यांच्या सुरकुत्या होतात. जड बनारसी शिवली की कंबरेशी कापडाचे थर जमतात, सडपातळ मुलगीही पिंप दिसते. जॉर्जेटला यातलं काही नाही. पण जॉर्जेटही हाताला निसरडं, आणि या साडीचा पदर कारखान्यातच चुण्या घालून खांद्याशी पक्का शिवलेला होता.

"देखो, पल्ला हिलेगा ही नहीं," दुकानदार म्हणाला. "फर्स्ट टाइम वालों के लिए बेस्ट."

सुनेचा चेहरा उजळला. हलणार नाही म्हटल्यावर तिला तेच हवं होतं. मी म्हटलं, "आता तो पदर पुढे घे बघू. ओटीला घेतात तसा."

तिनं ओढला. चुण्या शिवलेल्या, त्यामुळे पदर उघडेना. हातात आली ती जाड दोरीसारखी पट्टी. तिच्यात ओटीचे तांदूळही राहिले नसते.

"सुटा पाहिजे पदर," मी म्हटलं. "खांद्यावर एक पिन लावू, आतून, ब्लाउजच्या शिवणीत. पिन वरून कापडाच्या एकाच थराला लावली की साडी फाटते. सगळे थर धरून लावली की पन्नास वेळा उठलीस बसलीस तरी हलत नाही."

"पिन निघाली तर?"

"कंबर वेगळी आहे बाई. पदर पार खाली पडला तरी कमरेपासून खाली साडी जागची हलत नाही. म्हणून तर शिवलेली घेतोय." हे वाक्य मी शंभर मुलींना सांगितलं असेल. तिनं ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं.

मग दुसरी निघाली. हिरव्या रंगाची, रेशीम आणि सुताची, माहेश्वरी काठाची. धामनोदच्या पुढे महेश्वर, तिथलं कापड इकडे सगळीकडे येतं. हलकं असतं, पण हाताला किंचित खरखरीत, आणि एकदा इस्त्री केली की निरी मोडत नाही. निऱ्या कंबरपट्टीला शिवलेल्या, पट्टीला चेन नाही, नाडी आणि बाजूला हुकांच्या ओळी. पदर सुटा. मी कापड मुठीत दाबलं, सोडलं, उजेडात धरलं. मला ती आवडली. आवडली की माझा चेहरा दिसतो म्हणे, कारण दुकानदारानं लगेच किंमत चढवूनच सांगितली.

सून आत जाऊन घालून आली. साडी समोरून फरशीवर लोळत होती, आणि सून दोन्ही हातांनी ती वर उचलून उभी होती. चेहरा रडवेला.

"बघा. हेच. पाय अडकणार."

इथे मला धंद्याचा उपयोग झाला. तयार साडीची उंची नेहमीच्या कंबरेपासून धरलेली असते. हिची नाडी पोटाखाली बांधलेली, म्हणजे पुढून साडी तेवढी खाली आलेली. पोटावर बांधली असती तर उलट झालं असतं, पुढून उचलली गेली असती आणि मागे लोळली असती, वर पोटाला काच. "पोटाखालीच बांधायची," मी म्हटलं, "आणि पुढची लांबी मी कंबरपट्टीतून वर घेते, खालून नाही, काठ मोडायचा नाही. चप्पल कुठली घालणार आहेस?"

"कुठली घालू?"

"जी घालणार ती आत्ता पायात पाहिजे. सपाट. तिच्यावर मापायचं, जमिनीपासून एक बोट वर." तिनं पायातल्या चपलेकडे बघितलं, मग आम्ही तीच ठरवली. मी गुडघ्यावर बसून टाचण्या लावल्या. दुकानदारानं खुर्ची पुढे केली, ती मी नाकारली. खुर्चीवर बसून कुणाचं माप घेता येत नाही.

मग चालून बघायचं, बसून बघायचं, दुकानाच्या तीन पायऱ्या चढून उतरायचं. हे मी सगळ्यांनाच करायला लावते. आरशासमोर उभं राहून साडी कुणालाही छान दिसते, खरी गंमत बसल्यावर. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, लाजतात, ती मीच कानात सांगते: बाथरूमला जाताना साडी वरवर गोळा करून उचलायची, हुक काढायचे नाहीत. सात महिन्यांच्या बाईला हे सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"आणि नारळ?" ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन टेकडीवर चढवायला विकतात तिथून एक नारळ आणला. दुकानदार म्हणाला, "माताजी, दुकान में नारियल क्यों? उद्घाटन तो हो गया मेरा." मी म्हटलं, आज दुसरं उद्घाटन. सुनेनं पदर पाठीमागून उजव्या काखेखालून पुढे घेतला, दोन्ही हातांनी पसरला. पदर आरामात मांडीपर्यंत आला. मी नारळ ठेवला. कापडानं तो धरला. तिनं हात थोडे वर केले, खाली केले, चालून आली. नारळ जागचा हलला नाही. बाजूला एक बाई मुलीसाठी लेहंगा बघत होती, ती आम्हाला वेड लागल्यासारखं आमच्याकडे बघत राहिली.

हाताच्या काकणाला आरसा कशाला. आम्ही साडी घेतली.

घरी मी पुढची लांबी वर घेतली, आतून फॉल लावला. तयार साड्यांना बहुतेकदा फॉल नसतो, आणि फॉलचं वजन असलं की निऱ्या पायात येत नाहीत. ब्लाउज तिच्या आत्ताच्या मापाचा शिवला, पुढून हुकांचा, बाजूला आत दोन बोटं कापड सोडून, कारण त्या महिन्यात शरीर आठवड्याला बदलतं. रोज संध्याकाळी ती साडी घालून अंगणात फेऱ्या मारायची. नारळ पदरात घेऊन. शेजारची म्हणाली, तुमची बहू रोज नारळ फिरवते काय? मी म्हटलं, नवस आहे. उगीच कशाला सांगायचं.

धारला आम्ही सकाळी निघालो. धारचं घर म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं राज्य. संस्थानी दरबाराच्या काळापासून आमची माणसं तिथे आहेत, आणि त्या काळातल्या काही रीती जाऊबाईंनी तशाच ठेवल्या आहेत. देवासात मी डोक्यावरून पदर घेत नाही. धारच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की माझा हात आपोआप वर जातो, पदर डोक्यावर येतो. तीस-एक वर्षांची सवय, ती करताना आपण काही करतोय असं वाटतच नाही. त्या दिवशीही हात वर गेला. सुनेनं मला बघितलं आणि तिनंही पदर डोक्यावर घेतला. छान दिसत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि आत गेले.

आणि तिथेच माझी चूक होती. मी पदर मांडीपर्यंत मापला होता, डोक्यावरून घेऊन मांडीपर्यंत मापला नव्हता. तयार साडी करणारे कापड वाचवतात, आणि ते बहुतेक वेळा पदरातच वाचवतात. माझ्या अंगावरची साडी पूर्ण लांबीची, तिला डोकंही झाकतं आणि ओटीही घेता येते. मला कधी विचारच करावा लागला नाही.

दुपारी तिला पाटावर बसवलं. हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने. जाऊबाईंच्या सुना, शेजारच्या सुवासिनी, एक गंधवानीहून आलेली मास्तरीण, खोली भरलेली. मोठ्या जाऊबाई ताट घेऊन समोर बसल्या: गहू, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, वर नारळ. हळदकुंकू लावून त्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला.

"पदर पसर गं."

सुनेनं पदराचं टोक ओढलं. डोक्यावरून आलेला पदर उजव्या खांद्याखाली जेमतेम कोपरापर्यंत आला. तिनं आणखी ओढलं. खांद्यावरची पिन ताणली. मांडीपर्यंत यायला अजून हातभर कापड पाहिजे होतं, आणि ते नव्हतं. तिनं वर माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते.

"अगं, कुणाची तरी ओढणी द्या तिला," मागून कुणी म्हणालं. एक तरुण मुलगी आपली ओढणी काढून पुढे आलीसुद्धा. शिफॉनची होती.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"नहीं," ती म्हणाली. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ओढणी नको. प्लीज. ओढणी नको."

ती मुलगी जागच्या जागी थांबली. कुणाला काही कळेना. जाऊबाईंच्या हातात नारळ तसाच. मी पुढे झाले. "जाऊबाई, माझं चुकलं. शिवलेल्या साडीचा पदर आखूड असतो, मी डोक्यावरून मापला नाही."

जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धाकटे, फॉल लावायला तुझ्याकडे सगळं देवास येतं ना?" आवाजात टोमणा होता, आणि मला तो लागला.

तेवढ्यात सुनेनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. कुणाला विचारलं नाही. त्या घरात देवासमोर, मोठ्यांसमोर सुनेनं डोकं उघडं केल्याचं मी पाहिलेलं नाही, मी स्वतः कधी केलेलं नाही. तिनं पदर पाठीमागून काखेखालून पुढे आणला, दुकानात आणला होता तसाच, आणि दोन्ही हातांनी मांडीवर पसरला.

"मोठ्या आई, डोकं राहू दे," ती म्हणाली. "आधी ओटी. मला नीट धरायचीये."

मी जाऊबाईंकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर. त्या काय म्हणतील ते मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं, आणि मी उत्तरं जुळवत होते.

जाऊबाई पुढे सरकल्या. त्यांनी आधी ओंजळीनं गहू घातले, मग खण, सुपारी. मग नारळ ठेवला, पण सोडला नाही. एक हात वर, आणि दुसरा पदराखाली, तिच्या हातांच्याही खाली.

"धरलंस?"

"हो."

"नक्की?"

"हो, मोठ्या आई."

मग त्यांनी वरचा हात काढला. थोड्या वेळानं खालचा. नारळ हलला नाही. पुढच्या सुवासिनीला त्यांनी खुणेनं बोलावलं, आणि ती येईपर्यंत तिथून उठल्या नाहीत. पाच सुवासिनींनी ओटी भरली तशी पदराची झोळी जड झाली, पण माहेश्वरी कापडानं ती धरली आणि कंबरेची शिवण ताणली नाही. डोक्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. जाऊबाई गप्प आहेत म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप.

भरली ओटी घेऊन ती उठली. मी कोपर धरायला गेले, तर म्हणाली, नको आई, मी येते. देवघरापर्यंत ती एकटी चालत गेली, साडीकडे न बघता. एरवी ती पायाखाली बघत चालायची. मी मागोमाग गेले. बाहेर पेढा की बर्फीचा खेळ मांडत होते, हसणं सुरू झालं होतं.

ओटी देवापुढे ठेवायची असते. ती खाली बसली, पदर मांडीवर घेऊन, आणि तशीच बसून राहिली. मी म्हटलं, ठेव आता. तिनं ऐकलं, पण बोटं पदरावर घट्ट आवळलेली, नखं पांढरी झालेली.

"सोड गं. झालं सगळं."

"आई," ती म्हणाली, "मागच्या वेळी ओढणी मी एका हातानं धरली होती. दुसऱ्या हातात मोबाइल होता. फोटोसाठी."

ती इतके महिने हे मनात घेऊन शिफ्टच्या बसमध्ये बसत होती, पांढरा कोट घालत होती, आमच्या अंगणात नारळ घेऊन फेऱ्या मारत होती. मला तेव्हा तिच्याबद्दल जे वाटलं ते पोटच्या मुलाबद्दलही फार वेळा वाटलेलं नाही. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले.

"तुझ्या धरण्यावर नव्हतं ते, पोरी," मी म्हटलं. "तुझ्या धरण्यावर काहीच नव्हतं."

ती मान हलवत राहिली, हो की नाही ते कळेना. मी तिचा हात हातात घेतला आणि तिची बोटं एकेक करून पदरावरून सोडवली.